पांढरा ढग, काळा कातळ: एका रॉ फाइलमधून दोन्ही परत कसे आणायचे

हरिश्चंद्रगडावर सप्टेंबरातल्या सकाळी साडेआठच्या सुमाराला कोकणकड्याच्या काठावर उभं राहिलं की कॅमेऱ्याची खरी परीक्षा होते. कड्याचं तोंड पश्चिमेला. सूर्य पाठीमागे, पूर्वेला. त्यामुळे समोर दरीवर तरंगणारे ढग थेट उन्हात असतात आणि आत वळलेला तो प्रचंड कातळ अजून पूर्ण सावलीत असतो. आपल्या डोळ्याला दोन्ही दिसतं: ढगांच्या घड्या दिसतात, कातळातले आडवे थर दिसतात, भेगांत उगवलेलं गवतही दिसतं. फोटोत मात्र एकतर ढग पांढरेफटक होतात, नाहीतर कडा काळाठिक्कर.

तिथे मी एकाच चौकटीचे दोन फोटो काढले होते. दोन्ही आयएसओ 100 आणि एफ/8 वर. पहिल्यात कॅमेऱ्याने सावलीतला कातळ मोजला आणि शटर 1/60 ठेवलं. दुसऱ्यात मी ते 1/250 केलं, म्हणजे दोन स्टॉप कमी उजेड. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट होणं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पहिला फोटो छान वाटत होता, दुसरा अंधारलेला. घरी आल्यावर मात्र वाचला तो दुसराच. असं का झालं आणि त्या अंधारलेल्या फाइलमधून पूर्ण फोटो कसा निघाला, ते इथे क्रमाने सांगतो. सॉफ्टवेअर वापरलंय डार्कटेबल. ते मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. त्यातली नावं पडद्यावर जशी दिसतात तशीच दिली आहेत.

ढग एकदम मरतो, सावली हळूहळू मरते

सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू म्हणजे पावसात ठेवलेलं एक भांडं समजा. उजेड पडेल तसं ते भरत जातं. काठोकाठ भरल्यावर आणखी कितीही पडलं तरी मोजमाप तेवढंच राहतं. ढगाचा थोडा उजळ भाग आणि खूप उजळ भाग, दोघांचीही भांडी भरली की दोघांचा आकडा सारखाच येतो, आणि घडी दाखवणारा फरक कायमचा जातो. हा फरक नंतर कुठल्याही स्लायडरने परत येत नाही, कारण तो नोंदलाच गेलेला नसतो.

सावलीचं तसं नाही. तिथे भांड्यात थोडंच का होईना, पाणी असतं. अडचण एवढीच की उजेड मुळात तुरळक थेंबांसारखा पडतो आणि थेंब कमी असले की मोजणी डळमळते. एखाद्या बिंदूवर 10,000 इलेक्ट्रॉन जमले तर त्यातला स्वाभाविक चढउतार सुमारे 100 चा, म्हणजे एक टक्का. तो जाणवतही नाही. जमले 100, तर चढउतार 10 चा, म्हणजे थेट दहा टक्के. हीच ती सावली उजळल्यावर दिसणारी रवाळ कुरकुर, जिला आपण नॉइज म्हणतो. तपशील असतो, पण त्यावर वाळू सांडलेली असते.

म्हणून नियम सरळ आहे: ढग सांभाळून फोटो काढायचा आणि कातळ नंतर उजळायचा.

आता रॉ, म्हणजे सेन्सरने नोंदलेली जशीच्या तशी फाइल, का लागते? 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक बिंदूसाठी 16,384 पातळ्या असतात, जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला 256. शिवाय जेपेग बनवताना कॅमेरा स्वतःच्या मनाने कॉन्ट्रास्ट वाढवतो, ढगाचा वरचा भाग पांढऱ्यात ढकलतो आणि उरलेलं फेकून देतो. रॉमध्ये ते सगळं शाबूत असतं. पण रॉमधल्या पातळ्या समान वाटलेल्या नसतात. सर्वांत उजळ स्टॉपला निम्म्या, म्हणजे 8,192 मिळतात, त्याखालच्या स्टॉपला 4,096, आणि असं निम्मं-निम्मं होत आठव्या स्टॉपला उरतात फक्त 64. सावलीतल्या कातळाचा गडद भाग ढगाच्या सात-आठ स्टॉप खाली होता. त्याच्या वाट्याला किती कमी आलं होतं, हे यावरून कळेल.

कड्यावर उभं असताना काय करायचं

कॅमेऱ्यात रॉ निवडा आणि 12 किंवा 14 बिट असा पर्याय असेल तर 14 ठेवा. आयएसओ कॅमेऱ्याच्या मूळ आकड्यावर ठेवा, बहुतेक कॅमेऱ्यांत तो 100 असतो. आयएसओ वाढवलात की ते भांडं लवकर भरल्यासारखं होतं.

मग हायलाइटची लुकलुक चालू करा, म्हणजे जळलेला भाग पडद्यावर काळा-पांढरा चमकतो. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: रॉ काढत असलात तरी ही लुकलुक आणि हिस्टोग्राम नावाचा उजेडाचा आलेख जेपेगवरूनच काढलेले असतात. त्यामुळे ते आधीच ओरडतात. ढगाच्या कडेला थोडं चमकत असेल तर रॉमध्ये ते बहुधा शाबूत असतं. ढगाचं अख्खं पोट चमकत असेल तर शटर आणखी जलद करा. कॅमेऱ्याची पिक्चर स्टाइल न्यूट्रल किंवा फ्लॅट केलीत तर हा इशारा रॉच्या बराच जवळ येतो. रॉवर तिचा काही परिणाम होत नाही, फक्त पडद्यावरचा अंदाज सुधारतो.

मी 1/60 वरून एकेक स्टॉप खाली आलो. 1/125 ला ढगाचा मधला भाग अजून चमकत होता, 1/250 ला फक्त वरची कड. तिथे थांबलो. आणखी खाली गेलो असतो तर ढगाला काही फायदा नव्हता, कातळाचं मात्र नुकसान झालं असतं.

आधी तपासा: खरंच काय जळलंय?

डार्कटेबलमध्ये फोटो डार्करूम या संपादनाच्या पडद्यावर उघडा आणि लगेच स्लायडर हलवू नका. आधी `Shift+O` दाबा. रॉमध्ये जिथे भांडं भरलंय तिथे रंगीत खुणा उमटतील आणि कुठला रंग भरला तेही कळेल. उन्हातल्या दृश्यात बहुतेक वेळा हिरवा आधी भरतो, कारण बहुतेक सेन्सर हिरव्याला जास्त प्रतिसाद देतात.

माझ्या 1/60 च्या फाइलमध्ये ढगांचा जवळजवळ सगळा वरचा भाग या खुणांनी भरला होता, म्हणजे तिथे आता आणण्यासारखं काही नव्हतं. 1/250 च्या फाइलमध्ये फक्त एका ढगाच्या कडेला बोटभर पट्टा दिसला. पाच सेकंदांच्या या तपासणीने पुढचा अर्धा तास वाचतो. खुणा पाहून झाल्या की पुन्हा `Shift+O` दाबून त्या बंद करा.

गुलाबी ढगाचं कारण

नवशिक्यांना पहिला धक्का बसतो तो इथे. उजळ भाग खाली ओढला की ढग राखाडी होण्याऐवजी गुलाबी-जांभळा होतो. कारण असं: व्हाइट बॅलन्स साधताना, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं यासाठी, सॉफ्टवेअर लाल आणि निळ्याला गुणून वाढवतं, हिरव्याला जवळजवळ तसंच ठेवतं. हिरवा आधीच काठोकाठ भरून अडकलेला असतो. लाल आणि निळा गुणून त्याच्या वर जातात, हिरवा मागे राहतो, आणि लाल अधिक निळा म्हणजे गुलाबी-जांभळा.

यासाठी `highlight reconstruction` हे मॉड्यूल आहे आणि ते बहुधा आपोआप चालू असतं. त्यातली `inpaint opposed` ही पद्धत ठेवा. एखादा रंग भरला असेल तर ती उरलेल्या रंगांवरून आणि आजूबाजूच्या शाबूत भागावरून त्याचा अंदाज बांधते. माझ्या फाइलमधला तो बोटभर पट्टा यानेच नीट पांढरा झाला. तिन्ही रंग भरले असतील तिथे मात्र कुठलीही पद्धत ढगाची खरी घडी आणू शकत नाही. ती फक्त डोळ्याला खटकणार नाही असा उतार भरते.

तरीही गुलाबी छटा राहिली तर `raw black/white point` मध्ये जाऊन पांढऱ्याचा आकडा थोडा-थोडा खाली आणा. काही कॅमेऱ्यांत सेन्सर सॉफ्टवेअरला माहीत असलेल्या आकड्याच्या जरा आधीच भरतो, आणि मग जळलेला भाग जळलेला म्हणून ओळखलाच जात नाही. आकडा जुळला की गुलाबी एकदम जातो.

आता टोन मॅपिंग

समोरच्या दृश्यात उन्हातल्या ढगापासून कातळाच्या भेगेपर्यंतचा पल्ला फार मोठा, स्क्रीनचा त्यामानाने लहान. मोठा पल्ला लहान जागेत बसवायचा, पण मधल्या छटा नैसर्गिक ठेवायच्या, याला टोन मॅपिंग म्हणतात. सगळं सारखंच दाबलं तर फोटो धुरकट, निर्जीव होतो. म्हणून वरची आणि खालची टोकं जास्त दाबतात, मधला भाग मोकळा ठेवतात. फिल्मच्या जमान्यात रसायनंच हे करायची.

पहिली पायरी `exposure`. इथे ढगाकडे बघूच नका. मधल्या छटांकडे बघून उजेड ठरवा. मी +1.2 इव्ही, म्हणजे 1.2 स्टॉप वर केलं. ढग लगेच पांढरेफटक झाले आणि इथेच बरेच जण घाबरून स्लायडर मागे घेतात. घेऊ नका. डार्कटेबल या टप्प्यावर पांढऱ्याच्या वरचे आकडे कापत नाही, ते पुढच्या मॉड्यूलसाठी जपून ठेवतं.

दुसरी पायरी `filmic rgb`. तुमच्या आवृत्तीत त्याऐवजी `sigmoid` चालू दिसेल तर ते बंद करून हे चालू करा. दोन्ही एकत्र कधीच ठेवू नका, कारण एकाने बसवलेला पल्ला दुसरा पुन्हा दाबतो. `scene` टॅबमध्ये दोन स्लायडर महत्त्वाचे. `white relative exposure` म्हणजे मधल्या छटेच्या किती स्टॉप वर पांढरं संपायचं. तो हळूहळू वाढवत जा, ढगाच्या घड्या परत दिसू लागतील. माझ्याकडे +4.3 ला सर्वांत उजळ घडी दिसली, म्हणून तिथे थांबलो. `black relative exposure` म्हणजे किती खाली काळं संपायचं. तो मी -8.6 वर नेला, तेव्हा सर्वांत खोल भेग जेमतेम काळी राहिली.

खोल भेग काळी राहू द्या, हे माझं ठाम मत आहे. प्रत्येक सावलीत तपशील खेचून काढला की कड्याची खोलीच निघून जाते. अर्धा किलोमीटरहून जास्त खोल दरीच्या तोंडाशी उभा असलेला कातळ मग चुन्याने सारवलेल्या भिंतीसारखा दिसतो.

एवढं झाल्यावर ढग वाचलेले असतात, पण कातळ अजून जड असतो. तो अख्ख्या फोटोचा उजेड वाढवून सोडवायचा नाही, कारण मग ढग पुन्हा वर जातात. इथे तिसरी पायरी येते, `tone equalizer`. हे मॉड्यूल फोटोचे उजेडाप्रमाणे पट्टे करतं आणि हवा तेवढाच पट्टा उचलतं. आधी `masking` टॅबमध्ये जा आणि `mask exposure compensation` व `mask contrast compensation` यांच्या शेजारच्या जादूच्या कांडीच्या चिन्हांवर क्लिक करा, आधी पहिलं, मग दुसरं. त्यामुळे फोटोतल्या छटा सगळ्या पट्ट्यांत पसरतात. हे केलं नाही तर कातळ आणि ढग एकाच पट्ट्यात अडकतात आणि स्लायडर हलवूनही काहीच नीट होत नाही.

मग मॉड्यूल उघडं ठेवूनच माउस फोटोतल्या कातळावर न्या. एक वर्तुळ दिसेल आणि तिथला उजेड आकड्यात दिसेल. माउसचं चाक फिरवा. तो पट्टा उचलला जातो आणि शेजारचे पट्टेही हलकेच सोबत येतात. कातळाच्या मधल्या भागावर मी +1.5 इव्ही दिलं. कातळाचे आडवे थर आणि गवताची हिरवी रेघ तेव्हा पहिल्यांदा दिसली.

कडेला उजळ रेघ दिसली तर

आता फोटो 100 टक्के मोठा करून कड्याची कड आणि आकाश जिथे मिळतात तिथे बघा. कड्याच्या काठाने आकाशात उजळ रेघ, किंवा आकाशालगत कातळाची काळपट किनार दिसतेय का? याला हेलो म्हणतात. सॉफ्टवेअरने पट्टे करताना हद्द नेमक्या कडेवर न पडता थोडी इकडेतिकडे सांडली की असं होतं. पूर्वी एचडीआर म्हणून जे भडक फोटो सगळीकडे दिसायचे, त्यांचा नकलीपणा मुख्यतः या किनारीत होता.

उपाय `masking` टॅबमध्येच आहे. `edges refinement/feathering` थोडं वाढवा, म्हणजे हद्द कडेला नीट चिकटते. फार वाढवलंत तर उलट कातळातले बारीक थर सपाट होऊ लागतात. म्हणून दोन जागा आळीपाळीने बघत जा: कड्याची कड आणि थरांचा एखादा तुकडा. माझ्या फोटोत उचल +2 इव्ही केल्यावर किनार काही केल्या जाईना, +1.5 ला आणल्यावर गेली. किनार हटत नसेल तर बहुधा आपण सावली गरजेपेक्षा जास्त उचललेली असते.

वाळू आणि निळसर छटा

कातळाला एकूण 1.2 अधिक 1.5, म्हणजे 2.7 स्टॉपची उचल मिळाली, सुमारे साडेसहा पट. सेन्सरमधली वाळूही तितकीच पट उजळली. `denoise (profiled)` चालू करा. ते तुमच्या कॅमेऱ्याच्या आणि आयएसओच्या मोजलेल्या नॉइजवरून काम करतं, त्यामुळे सहसा आहे तसंच पुरतं. लाल-हिरवे ठिपके जायला हवेत, करडे बारीक कण थोडे राहिले तरी चालतील. कातळ मुळातच खडबडीत असतो, तो गुळगुळीत झाला तर प्लास्टिकसारखा दिसतो. मॉड्यूल तुम्ही कुठल्या क्रमाने चालू करता याने काही बिघडत नाही, डार्कटेबल आतला क्रम स्वतःच ठरलेला ठेवतं.

उजळल्यावर कातळ निळसर दिसेल. ही सॉफ्टवेअरची चूक नाही. सावलीतल्या कातळावर सूर्याचा नाही, निळ्या आकाशाचा उजेड पडत असतो. `color balance rgb` च्या `4 ways` टॅबमध्ये सावल्यांचा रंग नारिंगीकडे किंचित वळवा. पूर्ण निळा काढू नका. थोडा निळा राहिला तरच तो कडा सकाळच्या सावलीतला वाटतो.

एक फाइल पुरत नाही तेव्हा

सूर्याचं बिंब चौकटीत असेल तर ते जळणारच, त्याच्यामागे लागू नका. पण बिंबाभोवतीचे ढग आणि सावलीतला कातळ दोन्ही हवे असतील, आणि ढग सांभाळल्यावर सावली उचलताच कातळात आडव्या-उभ्या रेषांचे पट्टे दिसू लागले, तर एका फोटोची ताकद संपली असं समजा. तेव्हा ट्रायपॉडवर दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन रॉ काढा आणि डार्कटेबलच्या लाइटटेबल या फोटो निवडायच्या पडद्यावर तिन्ही निवडून `merge HDR` दाबा. एक डीएनजी फाइल मिळते, तिच्यावर वरच्याच पायऱ्या लागू होतात. हे बटन फोटो एकमेकांवर जुळवून घेत नाही, त्यामुळे हातात धरून काढलेले तीन फोटो चालत नाहीत. कोकणकड्यावरच्या वाऱ्यात गवतही स्थिर राहत नाही, त्याच्या जागी भुतासारखे दुहेरी आकार उमटतात. म्हणून मी तिथे एकाच रॉवर भागवतो.

शेवटी जेपेग काढताना रंगपट `sRGB` आणि दर्जा 95 ठेवा. लांबीला 2,048 पिक्सेलवर आणलात तर उरलीसुरली वाळू बरीचशी विरून जाते, कारण शेजारच्या बिंदूंची सरासरी होते. मग तो फोटो मोबाइलवर, ब्राइटनेस निम्म्यावर ठेवून बघा. माझा पहिला जेपेग संगणकाच्या झगझगीत पडद्यावर अगदी बरोबर वाटला होता, मोबाइलवर कडा पुन्हा काळवंडला. रात्री अंधाऱ्या खोलीत, पडदा पूर्ण उजळ ठेवून काम केलं होतं, हे कारण. पडदा मंद करून, खोलीत दिवा लावून `exposure` 0.3 ने वाढवलं, `white relative exposure` तेवढंच वर नेलं. आता थर मोबाइलवरही दिसतात आणि ढगाची ती वरची घडीसुद्धा.